डाळ मिलचं मार्केटिंग ऑडिट: आधी वही, मग बाजार, मग वर्षाचा प्लॅन

प्रश्न: लातूरला आमची तूरडाळीची मिल आहे. तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या नावाची पाकिटं सुरू केली. महिन्याला ४० टन पाकिटं जातात: २४ टन नांदेड-परभणीच्या घाऊकवाल्यांना (२० पिशव्यांवर १ फुकट, ४५ दिवस उधारी), १० टन आमच्या टेम्पोने लातूर शहरातल्या किराणा दुकानांना, ६ टन सुपरमार्केटांना. विक्री दरवर्षी वाढते, पण हातात काही उरत नाही. धाकटा भाऊ म्हणतो, जाहिरात वाढवू (आत्ता महिन्याला ४५ हजार जातात). सीए म्हणतात, आधी मार्केटिंग ऑडिट करा. ते नेमकं कसं करायचं आणि त्यातून पुढच्या वर्षाचा प्लॅन कसा काढायचा?

उत्तर:

जाहिरातीचा निर्णय दोन महिने थांबवा आणि सीएंचं ऐका. विक्री वाढते आणि पैसा उरत नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की एखाद्या वाटेने जाणारा माल तोट्यात जातोय आणि तीच वाट सगळ्यात मोठी आहे. हिशोबाच्या ऑडिटमध्ये हे दिसत नाही. तिथे बिलं बरोबर आहेत का, कर भरला का, एवढंच पाहतात. मार्केटिंग ऑडिटमध्ये विकण्यासाठी खर्च केलेला प्रत्येक रुपया कुठे गेला आणि काय घेऊन परत आला, ते पाहायचं असतं. त्याचे दोन भाग: घरातली तपासणी आणि बाहेरची तपासणी. क्रम मात्र बदलू नका. आधी बाजारात फिरायला गेलात, तर दुकानदार सांगतील तेच खरं वाटू लागतं. आपले आकडे हातात घेऊन गेलात, तर काय विचारायचं ते ठाऊक असतं.

वेळ आणि माणूस या दोन गोष्टी आधी ठरवा. डिसेंबर-जानेवारीत नवी तूर येऊ लागली की मिलमधल्या कुणालाच मान वर करायला फुरसत नसते. शिवाय कोणत्या प्रतीची किती तूर भरायची, हा वर्षातला सगळ्यात मोठा खर्च तेव्हाच ठरतो. म्हणून ऑडिट दिवाळीनंतर लगेच सुरू करून सहा आठवड्यांत संपवावं, म्हणजे सौद्यात उतरण्याआधी प्लॅन हातात असतो. माणूस असा हवा, ज्याच्याकडे विक्रीची जबाबदारी नाही. विक्री पाहणाऱ्या मॅनेजरला स्वतःच्याच योजनेचा तोटा शोधायला सांगणं त्याच्यावरही अन्याय आहे, आणि जाहिरात पाहणाऱ्या भावालाही तेच लागू. सीएंच्या ऑफिसातला एखादा जाणता सहकारी आणि तुमच्या मिलचा हिशोबनीस, अशी जोडी चालते. त्यांनी थेट तुम्हालाच सांगायचं, मधे कुणी नको.

घरातली तपासणी: पाकिटाची तुलना कट्ट्याशी

टॅलीमधून मागच्या १२ महिन्यांची पाकिटांची सगळी बिलं एक्सेलमध्ये काढा. प्रत्येक बिलासमोर ग्राहकाचा प्रकार, पाकिटाचा आकार, किलो, बिलाचा दर, फुकट दिलेल्या पिशव्या, भाडं, परत आलेला माल आणि पैसे प्रत्यक्ष जमा झाल्याची तारीख लिहा. शेवटचे चार रकाने भरताना त्रास होईल, पण ऑडिटचा जीव तिथेच आहे. फुकटच्या पिशव्या बहुतेक ठिकाणी बिलावर चढतच नाहीत. गोदामातून चिठ्ठीवर जातात आणि वर्षअखेर घट म्हणून निघतात. ही घट वेगळी काढली नाही, तर योजनेचा खर्च कधीच दिसणार नाही. ते शोधायचं असेल तर महिन्याचं पॅकिंग रजिस्टर आणि बिलातले किलो यांचा मेळ घाला. जो फरक उरेल, त्यात योजना आहे.

आता मुख्य प्रश्न: नफा कशाच्या तुलनेत मोजायचा? पाकिटाच्या दरातून तुरीची किंमत आणि भरडाई वजा केली, तर मिलचा नफा आणि पाकिटाचा नफा एकमेकांत मिसळतात. तीच डाळ त्याच दिवशी कट्ट्यात भरून दलालामार्फत विकली असती, तर रोखीने पैसे आलेच असते. म्हणून पाकिटाची तुलना त्या दिवसाच्या कट्ट्याच्या दराशी करायची. कट्ट्यापेक्षा वर काय मिळालं, आणि ते मिळवायला वर काय खर्च झाला, एवढंच पाहायचं. तूर वर गेली, खाली आली, तरी हा हिशोब बिघडत नाही.

उदाहरणासाठी काही दर धरून चालतो, तिथे तुमचे खरे आकडे घाला. दलाली आणि बारदाना वजा जाता कट्ट्याचा दर किलोला ११० रुपये. घाऊकवाल्याला पाकीट १२० ने, म्हणजे वर १० रुपये. आता खर्च पाहा. पाउच, बाहेरची पिशवी आणि भरणावळ मिळून २.५०. २० वर १ फुकट म्हणजे २१ पिशव्यांचे पैसे २० पिशव्यांएवढेच येतात, म्हणून १२० चा दर ११४.३० वर येतो आणि ५.७० तिथेच जातात. नांदेडपर्यंतचं भाडं १.२०. बँकेचं व्याज वर्षाला १२ टक्के धरलं, तर ४५ दिवसांच्या उधारीचे १.७०. फाटलेली, परत आलेली पाकिटं ०.४०. बेरीज ११.५०. दहा मिळवायला साडेअकरा गेले. ही डाळ कट्ट्यात गेली असती, तर किलोमागे दीड रुपया वाचला असता.

याच पद्धतीने किराणा दुकानांचा हिशोब केला तर चित्र वेगळं दिसतं. तिथे दर १२३, म्हणजे वर १३. पॅकिंग २.५०, किरकोळ सूट १.२०, पंधरा दिवसांची उधारी ०.६०, परतावा ०.५०. टेम्पोचा महिन्याचा खर्च (ड्रायव्हर, सेल्समन, डिझेल, हप्ता) ४२ हजार धरला, तर १० टनांवर किलोमागे ४.२० येतो. एकूण ९ रुपये गेले, ४ उरले. सुपरमार्केटला १२१ ने माल देता, पण रॅकमधल्या जागेचे पैसे, साठ दिवसांची उधारी आणि जास्तीचा परतावा धरल्यावर ९० पैसे कसेबसे हाती राहतात.

| वाट | महिन्याला | किलोमागे उरतात | महिन्याला उरतात |
|---|---|---|---|
| घाऊक | २४ टन | −१.५० | −३६,००० |
| किराणा | १० टन | ४.०० | ४०,००० |
| सुपरमार्केट | ६ टन | ०.९० | ५,४०० |

बेरीज ९,४०० रुपये, त्यातून जाहिरातीचे ४५ हजार गेले की महिन्याला ३५,६०० रुपये खोट. सरासरी काढली असती तर 'पाकिटात किलोला चार आणे सुटतात' एवढंच दिसलं असतं. हिशोब वाटेनुसार फोडला, तेव्हा कळलं की किराणाची कमाई घाऊकच्या योजनेत जिरते. सगळ्यात मोठ्या दहा घाऊकवाल्यांचा असाच हिशोब नावानिशी करा. त्यातले दोन-तीन फायद्यातही निघतील, त्यांना सगळ्यांसोबत एकाच दोरीत बांधू नका.

घाऊक उधारीत जीएसटीचं एक ओझं लपलेलं असतं. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळीवर ५ टक्के जीएसटी लागतो, तर त्याहून मोठ्या कट्ट्यावर लागत नाही. घाऊकवाला पैसे ४५ दिवसांनी देतो, पण कर पुढच्या महिन्यात रिटर्नसोबत तुम्हाला भरावाच लागतो. २४ टनांच्या बिलावर ही रक्कम महिन्याला जवळपास १ लाख ४० हजार होते. ती खर्चात दिसत नाही, कारण नंतर वसूल होते. पण तोपर्यंत पैसा अडकलेला असतो, आणि 'हातात काही उरत नाही' या तक्रारीतला एक वाटा त्याचाही आहे.

तक्रारवही: डाळ शिजत नाही

घरातल्या तपासणीत दुसरी वही तक्रारींची. वहीच नसेल, तर तो पहिला निष्कर्ष लिहून ठेवा. सेल्समनच्या फोनमधले मागच्या काही महिन्यांचे मेसेज काढून तक्रारी तीन ढिगांत वाटा: किडे झाले, तुकडा जास्त, शिजत नाही. प्रत्येक तक्रारीचा बॅच नंबर मिळवा आणि तो कोणत्या तुरीच्या भरतीतून निघाला ते शोधा. बॅचवरून भरतीपर्यंत मागे जाता येत नसेल, तर पॅकिंग रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवावा लागेल.

मराठवाड्यात 'शिजत नाही' या तक्रारीला विशेष लक्ष द्यायला हवं. जुनी तूर नव्यात मिसळली, तर डाळ उशिरा आणि कमी-जास्त शिजते. हा दोष मिलचा. पण बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळेही डाळ लवकर मऊ होत नाही, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात विहिरी आटल्या की गावंच्या गावं बोअरच्या पाण्यावर असतात. दोन्हीतला फरक ओळखायला सोपी चाचणी आहे. तक्रार आलेल्या बॅचची १०० ग्रॅम डाळ फिल्टरच्या पाण्यात आणि १०० ग्रॅम तक्रार आलेल्या गावच्या पाण्यात, सारख्याच कुकरमध्ये, सारख्याच शिट्ट्यांवर शिजवा. दोन्हीकडे कच्ची राहिली तर दोष डाळीत. फक्त गावच्या पाण्यात राहिली तर दोष पाण्यात, आणि उपाय पाकिटावर 'अर्धा तास भिजवून शिजवा' असं ठळक छापण्याचा. पहिल्या दोषाचा इलाज खरेदी आणि गोदामात आहे, दुसऱ्याचा छपाईत. दोन्हींवर जाहिरात काहीच करू शकत नाही.

पाकिटावरची माहितीही याच वेळी तपासून घ्या: एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक, निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, पॅकिंगचा महिना-वर्ष, उत्पादकाचा पत्ता, ग्राहक तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. ही तासाभराची तपासणी आहे, पण सुपरमार्केटने एका चुकीच्या छपाईवरून माल परत केला, तर अख्खी गाडी मागे येते.

बाहेरची तपासणी: दुकान, घर, आणि दिल्लीचे निर्णय

बाहेरच्या तपासणीत माणसं फार मोठा फेरा मारतात: अर्थव्यवस्था, तंत्रज्ञान, लोकसंख्या, सगळं. डाळीच्या पाकिटाला तीन गोष्टी पुरेत.

पहिली दुकानं. ३० दुकानं निवडा: दहा लातुरात (गंजगोलाईतली काही, कॉलन्यांमधली काही), दहा नांदेडला, दहा औसा, निलंगा, उदगीरसारख्या तालुक्याच्या गावी. यादी घाऊकवाल्याकडून घेऊ नका, तो त्याची चांगलीच दुकानं देईल. रस्ता ठरवा आणि त्यावरचं दर तिसरं किराणा दुकान घ्या. तिथे विचारण्याआधी पाहा: आपलं पाकीट आहे का, कितव्या खणात, पॅकिंग कोणत्या महिन्याचं, शेजारी कोणता ब्रँड, कोणता किती एमआरपीचा आणि प्रत्यक्ष कितीला विकतात, आणि सुटी डाळ काय भावाने. मग एकच गोष्ट मागा: पाकीट कितीला पडलं त्याचं बिल.

या बिलात फुकट पिशवीचं उत्तर असतं. नांदेडचा दुकानदार, समजा, घाऊकवाल्याकडून जीएसटी सोडून ११७ ने माल घेतोय. म्हणजे तुमची फुकट पिशवी दुकानापर्यंत पोहोचलीच नाही, घाऊकवाल्याने ती फोडून दर खाली आणला. आणि लातूरच्याच एखाद्या दुकानात तसं बिल सापडलं, तर नांदेडला पाठवलेला माल परतीच्या गाडीने इकडे येऊन तुमच्याच टेम्पोच्या १२३ च्या दराला कापतोय. पाकिटावरच्या बॅच नंबरवरून ते पक्कं करता येतं, कारण कोणती बॅच कुणाला गेली ते तुमच्याकडे लिहिलेलं असेल. सेल्समन 'मार्केट डाऊन आहे' म्हणतो, त्यामागे कितीदा तरी आपलाच माल असतो.

दुकानांची मोजणी जाहिरातीचा प्रश्नही सोडवते. तीसपैकी फक्त ११ दुकानांत पाकीट दिसलं, असं समजा. मग होर्डिंग पाहून एखादी ताई दुकानात गेलीच, तरी तीनपैकी जवळपास दोन ठिकाणी तिला ते मिळणार नाही. ज्या ११ दुकानांत आहे, तिथे पॅकिंगची तारीख तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल तर माल उचलला जात नाहीये. दोन्ही वेगळे आजार आहेत. पहिल्याला पोहोच वाढवावी लागते, दुसऱ्याला दर, प्रत किंवा पाकिटाचा आकार पाहावा लागतो.

दुसरी घरं. चाळीसेक घरांत जा, शहरात आणि गावात सारखी वाटून. 'आमची डाळ आवडते का' विचारलं तर कुणी नाही म्हणणार नाही. त्याऐवजी विचारा: मागच्या वेळी डाळ कुठून आणली, किती आणली, कोणत्या भावाने, आणि आत्ता डब्यात कोणती आहे? जमलं तर डबा बघा. आपल्या भागात अनेक शेतकरी घरांत घरचीच तूर भरडून वर्षाची डाळ उन्हाळ्यात भरून ठेवतात. अशा घरात मार्च ते मे या काळात पाकीट खपवायला निघालेला सेल्समन उगाच दमतो. तिथली मागणी साठा संपत आला की, पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत वाढते. शहरातल्या कॉलनीत मात्र महिन्याचा किराणा बाराही महिने. दोन्हीकडे एकच मासिक टार्गेट लावलं असेल, तर ते चुकीचं आहे, हे इथे दिसेल.

लातुरात तिसरा ग्राहक समोरच आहे, आणि पाकिटाच्या नादात तो सुटतो: कोचिंग क्लासेसच्या मुलांच्या मेस. शंभर मुलांची मेस, माणशी वेळेला ३० ग्रॅम डाळ, दिवसाला दोन वेळा, म्हणजे रोज ६ किलो, महिन्याला १८०. मेसवाल्याला छापील पाउच नको, त्याला दर वेळी सारखी शिजणारी डाळ ३० किलोच्या कट्ट्यात हवी. त्यावर पाउचचा खर्च नाही आणि २५ किलोच्या वर असल्याने पॅकबंद मालाचा ५ टक्के कर नाही. वीस मेसवाल्यांना भेटून ते आत्ता काय दर देतात, किती दिवसांनी पैसे देतात आणि मुलं सुट्टीवर गेल्यावर किती माल घेतात, एवढं विचारा.

तिसरी गोष्ट सरकारी निर्णय. तुरीची आयात मे २०२१ पासून मुक्त ठेवली गेली आणि मुदत वेळोवेळी वाढत गेली. म्यानमार आणि पूर्व आफ्रिकेतून येणारी तूर तुमच्या कट्ट्याचा दर ठरवते. जून २०२३ मध्ये साठ्यावर मर्यादा आली. मिलना आधी तीन महिन्यांचं उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या २५ टक्के, यातलं जे जास्त तेवढं ठेवता येत होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये ते एक महिना किंवा १० टक्क्यांवर आणलं गेलं. जून २०२४ मध्ये तूर आणि हरभऱ्यावर पुन्हा मर्यादा लागली. हे तुमच्या हातात नाही, पण 'असं झालं तर आपण काय करू' हे आधी लिहून ठेवणं हातात आहे. प्लॅनमध्ये त्याची जागा तेवढीच.

निष्कर्षांवरून प्लॅन

इथे बहुतेक ऑडिटं फाइलीत जातात. बलस्थानं, उणिवा, संधी, धोके असे चार चौकोन भरतात, प्रत्येकात दहा वाक्यं, आणि कुणालाच कळत नाही की सोमवारी काय करायचं. 'घाऊक वितरण कमकुवत' हा निष्कर्ष नाही. 'घाऊक वाटेवर किलोमागे १.५० खोट, कारण ५.७० ची योजना दुकानापर्यंत न पोहोचता दर कापण्यात जाते' हा निष्कर्ष आहे. त्यात आकडा घरातल्या तपासणीतून आला आणि कारण बाहेरच्या. ज्या वाक्याला आकडा किंवा कारण नाही, ते बाजूला ठेवा. उरलेल्यांना 'महिन्याला किती रुपयांचा प्रश्न' या क्रमाने लावा आणि वरचे चार घ्या. पाचवा घेऊ नका. मिलमध्ये विक्री पाहणारी माणसं मोजकीच असतात.

पहिला, घाऊक योजना. फुकट पिशवी बंद करा. त्याऐवजी २१ दिवसांत पैसे आले तरच किलोला २ रुपये, तिमाहीच्या शेवटी क्रेडिट नोटने द्या. तिमाहीनंतर मिळणारे पैसे घाऊकवाला आजच्या दरात कापू शकत नाही, म्हणून दर टिकतो. आता हिशोब: वर १०, पॅकिंग २.५०, प्रोत्साहन २, भाडं १.२०, २१ दिवसांचं व्याज ०.८०, परतावा ०.४०. उरले ३.१०. काही घाऊकवाले सुटतील. २४ चे १६ टन झाले, तरी ४९,६०० रुपये येतात, आणि अगदी १२ टन झाले तरी ३७,२००. हे आकडे भावासमोर आणि मॅनेजरसमोर आधीच ठेवा. नाहीतर पहिल्याच महिन्यात टन घटलेले पाहून कुणीतरी घाबरून योजना पुन्हा सुरू करेल. मॅनेजरचा इन्सेन्टिव्ह टनावर असेल, तर तो त्याच दिवशी वसूल रकमेवर आणा. टनावर पगार मिळणारा माणूस टनच आणणार.

दुसरा, किराणाची पोहोच. औसा-निलंगा मार्गावर दुसरा टेम्पो. टेम्पोचा खर्च सोडून किराणात किलोमागे ८.२० उरतात. ४२ हजार भागिले ८.२० म्हणजे महिन्याला साधारण ५,१२० किलो गेले की टेम्पो स्वतःचा खर्च काढतो. चौथ्या महिन्यापर्यंत ६ टन हे उद्दिष्ट ठेवा, म्हणजे ७,२०० रुपये उरतात. रक्कम छोटी वाटेल, पण तीसपैकी ११ दुकानांचा आकडा यानेच हलतो. ही वाट जूनमध्ये सुरू करा, मार्चमध्ये नव्हे, कारण गावातल्या घरांतले डबे तेव्हा भरलेले असतात.

तिसरा, जाहिरात. ४५ हजारांवरून १५ हजारांवर आणा आणि पाकीट ज्या भागात खरंच दुकानात आहे, तिथेच खर्च करा: दुकानातला छोटा रॅक, पाटी, उघड्या पाकिटाचा नमुना. तीसपैकी २० दुकानांत माल दिसू लागेपर्यंत होर्डिंग नाही, अशी अट प्लॅनमध्ये लिहा. भावाचा जाहिरातीचा आग्रह चुकीचा नाही, त्याची वेळ अजून आलेली नाही, एवढंच.

चौथा, शिजण्याची चाचणी. प्रत्येक बॅचचा नमुना शिजवून पाहिल्याशिवाय पॅकिंग नाही, आणि जुनी-नवी तूर वेगळ्या थप्पीत. जी बॅच उशिरा शिजते ती पाकिटात भरू नका, कट्ट्यात जाऊ द्या, आणि त्यातही मेसला नको. मेसचा कट्टा स्वतंत्र पाचवं काम न करता याच कामाला जोडा: चाचणीत पास झालेला माल आधी पाच मेसना, रोखीने.

सुपरमार्केटला हात लावू नका. ९० पैसे कमी आहेत, पण तोटा नाही, आणि तिथे शहरातल्या ग्राहकाच्या नजरेस पाकीट पडतं.

चारही मिळून महिन्याचा अंदाज असा: घाऊक ४९,६००, जुना किराणा ४०,०००, नवा मार्ग ७,२००, सुपरमार्केट ५,४००, वजा जाहिरात १५,०००. उरले ८७,२००. टन मोजाल तर १६, १०, ६ आणि ६, म्हणजे ३८. आजच्यापेक्षा दोन टन कमी विकून ३५,६०० च्या खोटेवरून इथे आलात. मेसचा माल यात धरलेला नाही.

प्लॅन दोन पानांचा पुरतो. प्रत्येक निष्कर्षासाठी एक ओळ: काय आढळलं, का, काय करणार, किती खर्च, कोण, कधीपर्यंत, आणि कोणता आकडा पाहून ठरवणार. खाली सरकारी निर्णयांसाठी दोन ओळी: साठ्यावर मर्यादा आली तर कोणत्या वाटेचा माल आधी काढायचा, आणि कट्ट्याचा दर आठवड्यात ५ टक्क्यांहून जास्त हलला तर नवी दरपत्रिका दोन दिवसांत कोण काढणार. बाजार पडला आणि पाकिटाचा दर महिनाभर तोच राहिला, तर दुकानदार सुट्या डाळीकडे वळतो. बाजार चढला आणि दर तोच राहिला, तर तुम्ही वरचे १० रुपये नकळत वाटून टाकता.

दर महिन्याच्या ७ तारखेला वरचा तक्ता नव्या आकड्यांनी भरा. तीसच दुकानं, तीच दुकानं, दर तिमाहीला पुन्हा पाहा. दुकानं बदललीत तर तुलना संपली. दुसरा टेम्पो चौथ्या महिन्याच्या शेवटी ५ टनांच्या खाली असेल, तर आधी मार्गावरची दुकानं मोजा. पाकीट निम्म्याहून कमी दुकानांत असेल तर सेल्समन बदला आणि आणखी दोन महिने द्या. पाकीट दुकानात आहे पण उचललं जात नसेल, तर टेम्पो काढून घ्या आणि ती डाळ कट्ट्यातच विका.